क्रियापद मऊ करा, वेळ मऊ करू नका

नांदगावच्या बाजारात फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापणारे आमचे एक परिचित आहेत. ब्रशने पाट्या रंगवण्याच्या काळापासून ते या धंद्यात आहेत. ब्रश मागे पडला, मशीन आले, पण गिऱ्हाईक टिकून राहिले. काही महिन्यांपूर्वी एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचा आठ बाय चार फुटांचा फलक त्यांच्याकडे छपाईला आला. मजकूर आणि मांडणी शाळेच्या लिपिकांनी आधीच करून घेतली होती. यांना फक्त फाईल मिळायची होती आणि मशीन सुरू करायचे होते. सकाळी दहाच्या सुमारास यांनी मोबाईलवरून लिपिकांना निरोप धाडला, "फाईल पाठव."

लिपिक पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी निरोप वाचला, पण उत्तर दिले नाही. दुपारी दोनपर्यंत वाट पाहून आमच्या परिचितांनी मोबाईल मुलाच्या हाती दिला. मुलगा शिकलेला. त्याने लिहिले, "नमस्कार सर, तुम्हाला त्रास देतोय, सॉरी. जमलं तर फाईल पाठवू शकाल का? काही घाई नाही." लगेच उत्तर आले, "हो." मग संध्याकाळ झाली, शाळा सुटली, लिपिक घरी गेले. फाईल दुसऱ्या दिवशी दुपारी आली आणि तीही साधा फोटो म्हणून. त्यावरून मोठा फलक छापला तेव्हा अक्षरांच्या कडा फुटल्या. कार्यक्रम त्याच संध्याकाळी होता, त्यामुळे आहे तोच फलक लागला. शाळेचे पुढचे काम मनमाडला गेले.

आमच्या परिचितांचे म्हणणे असे की, बापाने सरळ सांगितले तर राग येतो, मुलाने अदबीने सांगितले तर काम होत नाही, मग माणसाने बोलावे तरी कसे? प्रश्न रास्त आहे. आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंपैकी अनेकांचा रोजचा हाच अनुभव आहे. पूर्वी समोरासमोर बोलणे होई. आवाज, चेहरा आणि हातातला चहाचा कप निम्मे काम करून जात. आता तोच व्यवहार चार शब्दांच्या निरोपावर चालतो आणि त्या चार शब्दांत आवाज नसतो. म्हणून हे दोन्ही निरोप नेमके कोठे चुकले ते नीट पाहू.

पहिला निरोप कठोर होता असे आपण म्हणतो, पण त्यातला कठोरपणा एका अक्षराचा आहे. "पाठव" हे तू-चे रूप, "पाठवा" हे तुम्ही-चे. आमचे परिचित घरात उर्दू बोलतात. त्यांच्या मनात वाक्य आले ते "फाईल भेजो." आपल्या घरच्या बोलीत "भेजो" हा रोजचा, बरोबरीचा शब्द आहे. त्यात अपमान नाही. "भेज", "भेजो" आणि "भेजिए" अशा तीन पायऱ्यांतली ती मधली पायरी आहे. मराठीच्या व्यवहारात मात्र मुख्य पायऱ्या दोनच, "पाठव" आणि "पाठवा". मधल्या पायरीवरचा माणूस मराठीत येताना कधी खालच्या पायरीवर उतरतो, कधी वरच्या. आमचे परिचित खाली उतरले. त्यांना ते "भेजो" वाटले आणि वाचणाऱ्याला ते "भेज" लागले. धंद्यात बरोबरीचा, मोठा, लहान, अनोळखी, कोणीही असो, मराठीत "तुम्ही" हीच सुरक्षित पायरी आहे. केवळ "फाईल पाठवा" असे लिहिले असते, तरी निम्मी तक्रार मिटली असती.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळांना वाटते की "प्लीज" किंवा "कृपया" जोडले की हुकमाची विनंती होते. "प्लीज फाईल पाठव" यात तू-पणा जसाच्या तसा राहतो, वर अजिजी तेवढी चढते. आणि "कृपया फाईल पाठवा" हे वाचताना "कृपया रांगेत उभे राहा" ही पाटी आठवते. मराठीचा आदर सुट्या शब्दात फारसा राहत नाही, तो क्रियापदाच्या शेवटी राहतो. शेवट सुधारला तर "कृपया" नसले तरी चालते. शेवट बिघडला तर दहा वेळा "कृपया" लिहूनही उपयोग नाही.

आता मुलाचा निरोप. त्यात आदर भरपूर होता, पण तीन ठिकाणी काम निसटले. पहिले, "पाठवू शकाल का?" ही रचना शक्तीविषयी विचारते, कृतीविषयी नाही. समोरच्याने "हो" म्हटले, म्हणजे पाठवू शकतो असे सांगितले. कधी पाठवणार, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते. दुसरे, "जमलं तर" आणि "काही घाई नाही." हे खरे नव्हते. घाई होती. मुलाने सभ्यतेपोटी जे लिहिले ते लिपिकांनी प्रामाणिकपणे खरे मानले. त्यांचा दोष काढता येत नाही. तिसरे, फाईल कोणती आणि कशी, हे त्यातही नव्हते.

माझ्या मते गोम येथेच आहे. नम्र व्हायचे ठरवले की आपण भलतीच गोष्ट मऊ करतो. निरोपात दोन भाग असतात. एक भाग माणसाशी बोलतो. त्यात संबोधन आणि क्रियापद येते. दुसरा भाग कामाशी बोलतो. त्यात वस्तू, तिचे स्वरूप आणि वेळ येते. मऊ करायचा तो पहिला भाग. दुसरा भाग जितका टणक तितका चांगला. बापाने दोन्ही भाग टणक आणि त्रोटक ठेवले, मुलाने दोन्ही मऊ केले. दोघेही सारखेच फसले.

मग मराठीत पहिला भाग मऊ कसा करायचा? आपल्या भाषेत याची फार सोपी सोय आहे आणि ती आपण रोज तोंडाने वापरतो, फक्त लिहिताना विसरतो. दुकानात शेजाऱ्याकडून कात्री हवी असली तर आपण "तुम्ही मला कात्री देऊ शकाल का?" असे म्हणत नाही. आपण म्हणतो, "कात्री देता का जरा?" साधा वर्तमानकाळ आणि पुढे "का". "पाठवता का?", "देता का?", "बघता का?" हा प्रश्न असल्यामुळे समोरच्याला नाही म्हणायची वाट उरते, म्हणून तो हुकूम वाटत नाही. आणि तो शक्तीविषयी नसून थेट कृतीविषयी असल्यामुळे त्याचे उत्तर कृतीनेच द्यावे लागते. जरा अंतर ठेवायचे असेल, माणूस नवा असेल, तर "पाठवाल का?" म्हणावे. जवळच्या मित्राला "पाठवतोस का?" किंवा बहिणीला "पाठवतेस का?" पुरते.

दुसरी सोय "तेवढी" या शब्दाची. "तेवढी फाईल पाठवा" यात क्रियापद आज्ञेचेच आहे, पण "तेवढी" म्हणताच काम लहान होते. एवढेच अडले आहे, बाकी सगळे मी पाहतो, असा त्याचा भाव आहे. काम खरोखर लहान असेल तेव्हाच तो वापरावा. दोनशे बिले मागताना "तेवढी बिले पाठवा" म्हटले तर समोरचा हसेल.

तिसरी सोय कारणाची. कारण सांगितले की माणसाला कळते, हा आपल्यावर हुकमत गाजवत नाही, कामाची गरज सांगत आहे. मात्र कारण एका वाक्याचे आणि खरे असावे. घरातले आजारपण, विजेचा खेळखंडोबा आणि कारागिरांची सुट्टी अशी यादी दिली की तीच अजिजी पुन्हा आत शिरते.

या तीन गोष्टी घेऊन तोच निरोप पुन्हा लिहून पाहू.

"सर, स्नेहसंमेलनाच्या फलकाची फाईल आज ५ वाजेपर्यंत पाठवता का? ६ वाजता मशीनवर घ्यायची आहे. फोटो नको, मूळ पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाही तर मोठ्या आकारात अक्षरे फुटतात."

यात "कृपया" नाही, "सॉरी" नाही, "त्रास देतोय" नाही. तरी वाचणाऱ्याला टोचणारे काही नाही. "सर" या संबोधनाने सुरुवात झाली, "पाठवता का" ने मोकळीक दिली, "६ वाजता मशीनवर" ने कारण दिले. दुसरीकडे कोणती फाईल, केव्हा आणि कशी, यांत तसूभरही ढिलाई नाही. डॉक्युमेंट म्हणून जोडायला सांगणे ही धंद्याची बाब आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकाराने लहान केले जाते, डॉक्युमेंट म्हणून जोडलेली फाईल जशीच्या तशी येते. आणि लक्षात घ्या, शेवटच्या वाक्यात "जोडा" अशी सरळ आज्ञा आहे. ती खटकत नाही, कारण विनंती आधीच झाली आहे आणि ही तिची फक्त रीत आहे. प्रत्येक वाक्यात "का" घातले तर निरोप प्रश्नपत्रिकेसारखा दिसेल. मुख्य मागणी एकदा विचारावी, बाकी तपशील सरळ सांगावा.

काहींना वाटेल की थेट मागण्यापेक्षा सुचवणे अधिक सभ्य. "सर, फलकाची फाईल अजून आमच्याकडे आली नाही वाटते" असे लिहून गप्प बसायचे. हा समज पडताळून पाहिला गेला आहे. शोशना ब्लुम-कुल्का या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ साली हिब्रू आणि इंग्रजी बोलणाऱ्यांकडून विनंतीच्या निरनिराळ्या तऱ्हांना सभ्यतेच्या क्रमाने लावून घेतले. सर्वांत आडून केलेली सूचना सर्वांत सभ्य ठरेल असे वाटत होते. तसे झाले नाही. दोन्ही भाषांत लोकांनी नुसत्या सुचवण्यापेक्षा रूढ प्रश्नाच्या रूपातील सरळ विनंती अधिक सभ्य मानली. कारण उघड आहे. सूचनेचा अर्थ लावण्याची मेहनत ऐकणाऱ्यावर पडते. हा अभ्यास मराठीचा नव्हे, पण आपल्या बाजारातल्या अनुभवाशी तो जुळतो. आडून बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण सभ्य म्हणत नाही, "याला नेमके काय पाहिजे?" असे म्हणतो.

आता या रीतीची मर्यादा. प्रश्न सर्वत्र चालत नाही. जेथे आपण मेहेरबानी मागत आहोत तेथे प्रश्न योग्य. जेथे समोरचा आधीच बांधील आहे तेथे प्रश्न उलटतो. उधारी मागताना "पैसे देता का?" असे लिहिले तर त्यात देणार की बुडवणार असा संशय येतो, आणि माणूस दुखावतो. तेथे वस्तुस्थिती आधी आणि तुम्ही-ची साधी आज्ञा नंतर, हाच क्रम बरा. जीएसटीचे उदाहरण घ्या. माल देणाऱ्याने आपले बिल त्याच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवले नाही, तर घेणाऱ्याला त्या महिन्यात त्या बिलावरच्या कराची वजावट मिळत नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यासाठी पुढच्या महिन्याची ११ तारीख ही मुदत असते. बिल दाखवणे हे त्याचे कामच आहे. मग असे लिहावे.

"शेठ, १८ तारखेच्या मालाचे बिल अजून तुमच्या विवरणपत्राला लागलेले नाही. ११ तारखेच्या आत लावून घ्या, नाही तर या महिन्यात आमची वजावट अडकते."

"लावून घ्या" ही आज्ञाच आहे, पण ती कारणावर उभी आहे, माणसाच्या डोक्यावर नाही. "भरता का?" विचारले असते तर त्याच्या कर्तव्याला आपण उपकार ठरवले असते.

याच्या उलट, जेथे फायदा ऐकणाऱ्याचा आहे तेथे उघडी आज्ञाच शोभते. "बसा", "चहा घ्या", "नमुना हातात घेऊन बघा." गिऱ्हाईक दारात आल्यावर "आपण बसाल का?" म्हणणारा दुकानदार परका वाटतो. मशीनवर हात अडकत असेल तेव्हा "हात काढ!" हेच बोलायचे, तेथे अदब शोधणे हा गुन्हा आहे. म्हणजे आज्ञार्थ वाईट नाही. कष्ट कोणाला आणि लाभ कोणाला, यावर तो गोड की कडू हे ठरते. शागिर्दाला उस्ताद "ठोक", "काप", "धर" म्हणतो ते कामाच्या लयीत बसते. तोच उस्ताद संध्याकाळी घरी गेलेल्या शागिर्दाला "उद्या सातला ये" असा उघडा निरोप धाडतो तेव्हा ती लय तेथे नसते. "उद्या सातला येतोस का? मालेगावचा टेम्पो लवकर येणार आहे" म्हटल्याने उस्तादाचे काही कमी होत नाही.

छापील पत्रात, अर्जात, नगरपरिषदेच्या किंवा बँकेच्या कामात "पाठवावे" हे रूप येते. शाळेच्या व्याकरणात याला विध्यर्थ म्हणतात, "पाठवा" हा आज्ञार्थ. विध्यर्थात कोण कोणाला सांगतो ते थोडे मागे जाते आणि काय व्हावे ते पुढे येते, म्हणून कागदावर तो शोभतो. आपल्यापैकी उर्दू माध्यमात शिकलेल्यांची येथे एक चूक हमखास होते. हे रूप मागितलेल्या वस्तूप्रमाणे बदलते. फाईल पाठवावी, नमुना पाठवावा, पावत्या पाठवाव्यात. उर्दूत बिल पुल्लिंगी असल्याने हात "बिल पाठवावा" असे लिहून जातो; मराठीत बिल नपुंसकलिंगी, म्हणून "बिल पाठवावे." मोबाईलवरच्या रोजच्या निरोपात मात्र हे रूप जड होते. ओळखीच्या माणसाला अचानक "फाईल पाठवावी" असे लिहिले की तो विचारात पडतो, काही बिनसले की काय?

नातेसंबंधाप्रमाणे विनंतीचे रूप बदलण्याची ही रीत मराठीला नवी नाही. जुन्या मोडी पत्रव्यवहारात पत्राचा शेवट कनिष्ठाला "हे आज्ञा", बरोबरीच्याला "हे विनंती" आणि वरिष्ठाला "हे विज्ञापना" असा होई. आत मागणी मात्र स्पष्ट असे, अमुक वस्तू, अमुक संख्या. आदर कडेला आणि काम मधोमध. आपल्या लहानपणी व्यापारी पोस्टकार्ड लिहीत तेही असेच. वर सलाम किंवा नमस्कार, मधे "मालाची बिल्टी या आठवड्यात पाठवून द्यावी", खाली "कळावे." पोस्टकार्डावर पाल्हाळाला जागाच नसे.

शेवटचा प्रश्न, इतके करूनही फाईल आली नाही तर? येथे बहुतेकांचा तोल जातो. दुसऱ्या निरोपात क्रियापद कडक होते, "लवकर पाठवा", "पाठवाच", किंवा "अजून पाठवली नाही का?" हा शेवटचा प्रश्न दिसतो सौम्य, पण तो आरोप आहे. त्याचे उत्तर सबब हेच असते, फाईल नव्हे. क्रियापद तेथेच ठेवावे आणि परिणाम सांगावा. "सर, फाईल अजून मिळाली नाही. ५ वाजेपर्यंत मिळाली तर फलक आज रात्री तयार होतो. उद्या सकाळी मिळाली तर दुपारी ३ नंतर. कसे करू?" यात धमकी नाही, तक्रार नाही, आणि निर्णय त्यांच्या हाती आहे. दोन्ही वेळा खऱ्या असल्या पाहिजेत. घाबरवण्यासाठी मुदत अलीकडे ओढली आणि ती उघडी पडली, तर पुढच्या वेळी आपल्या कोणत्याच वेळेवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

निरोप धाडण्यापूर्वी एक तपासणी करून पाहावी. संबोधन आणि क्रियापद बोटाने झाका. उरलेल्या शब्दांत कोणती वस्तू, कशी आणि केव्हा, हे तिन्ही दिसते का? नंतर उलट करा, ते झाका आणि फक्त संबोधन व क्रियापद वाचा. हेच दोन शब्द त्या माणसाला त्याच्या मुलासमोर, आपल्या दुकानात, तोंडावर म्हणता येतील का? दोन्ही वेळा उत्तर हो आले की निरोप धाडावा.

आमच्या परिचितांनी काउंटरमागे एक कागद चिकटवला आहे. त्यावर मुलाच्या हस्ताक्षरात एवढेच आहे, "कोणती, कशी, केव्हा, कशासाठी. पाठवता का?" त्या शाळेचे काम अजून परत आलेले नाही. पण बाकीच्या गिऱ्हाइकांच्या फाईली दिलेल्या वेळेत आणि डॉक्युमेंट म्हणून येऊ लागल्या आहेत, असे ते सांगतात.